पोह्यांवर लिंबू आणि शेजारी चहा: शाकाहारी जेवणातलं लोह अंगी कसं लावायचं

कांदेपोह्यांची डिश घ्या. वर लिंबाची फोड, शेजारी कपभर चहा, आणि घरात पोरं असतील तर त्यांच्या पुढ्यात दुधाचा ग्लास. या टेबलावर पोह्यातल्या लोहाला मदत करणारी एक वस्तू आहे आणि अडवणाऱ्या दोन, आणि आपण तिन्ही एकदमच पोटात ढकलतो. मग रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.८ आलं की म्हणतो अगं पालक खाते, बीट खाते, गूळ-शेंगदाणे खाते, तरी कसं काय कमी? खाल्लेलं लोह आणि अंगी लागलेलं लोह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधला फरक बऱ्याचदा ताटाशेजारी काय होतं त्यावर ठरतो.

हे लिहितोय ते नुकतंच ‘लोह कमी आहे’ असं कळलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. सगळा आहार बदलायचा नाहीये, बहुतेक काम घड्याळ आणि क्रम बदलून होतं.

आधी पोटात काय होतं ते थोडक्यात

मटण-मासळीतलं बरंचसं लोह हीम नावाच्या रूपात येतं आणि ते आतड्यात सरळ ओढलं जातं. डाळी, भाकरी, पोहे, पालेभाज्या यातलं लोह वेगळं असतं, त्याला आधी विरघळावं लागतं, मग त्याचं रूप बदलावं लागतं आणि मगच ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागातून आत जातं. जठरात आम्ल असतं तोवर ते विरघळलेलं असतं, पण आतड्यात आम्ल कमी झालं की ते जे कोणी जवळ असेल त्याला चिकटतं. चहातले टॅनिनसारखे पॉलिफेनॉल जवळ असले तर त्यांना, धान्य-डाळींच्या सालातलं फायटेट जवळ असलं तर त्याला, आणि अशी जोडी जमली की ते लोह आतड्याच्या भिंतीतून जातच नाही, शौचावाटे बाहेर. व्हिटॅमिन सी जवळ असेल तर ते लोहाला आधीच धरून ठेवतं, विरघळलेलं ठेवतं आणि त्याचं रूपही बदलून देतं.

म्हणजे हा सगळा खेळ पोटात एकाच वेळी कोण कोण हजर आहे याचा आहे. सकाळी पेरू खाल्ला आणि लोहवाली भाजी रात्री खाल्ली तर त्या पेरूचा त्या भाजीला काही उपयोग नाही. आणि चहाही तसाच, तो दिवसभरात किती प्यायलात यापेक्षा कधी प्यायलात ते जास्त महत्त्वाचं.

स्टेप १: चहा जेवणापासून लांब न्या

सुरुवात इथूनच करा कारण सगळ्यात मोठा फरक इथे पडतो आणि पैसे शून्य लागतात.

बंगळूरमध्ये २००८ साली तरुण बायकांना भाताचं जेवण देऊन हे मोजलं होतं. जेवणासोबत एक कप चहा दिला तर लोहाचं शोषण जवळपास निम्म्यावर आलं, दोन कप दिले तर साधारण एक तृतीयांशच उरलं. ज्यांना आधीच लोह कमी होतं त्यांच्यातही तेच. परदेशात पावासोबत कडक काळा चहा देऊन मोजलं तेव्हा तर ८० ते ९० टक्के घट दिसली. आकडा जेवणावर आणि चहा किती कडक त्यावर बदलतो, पण दिशा प्रत्येक वेळी तीच.

इथे लोक लगेच विचारतात, आमचा तर दुधाचा चहा, त्याने टॅनिन मरत नाही का? नाही. दूध घालून मोजून बघितलंय, अडवण्यात फारसा फरक पडत नाही. आपला चहा पावडर टाकून उकळ उकळ उकळलेला असतो त्यामुळे त्यात पॉलिफेनॉल भरपूरच उतरतात, आणि वरून दुधातलं थोडं कॅल्शियम. ग्रीन टी ‘हेल्दी’ म्हणून जेवणावर घेणाऱ्यांनाही हेच लागू. कॉफी चहापेक्षा थोडी सौम्य, पण अडवते तीही. कोको अडवतो, पुदिन्याचा काढासुद्धा अडवतो. त्यामुळे चहा सोडून जेवणावर यातलं काही सुरू केलंत तर हाती फार काही लागणार नाही.

आता गॅप किती ठेवायचा. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा असं सांगितलंय. पण यात एक बारीक गंमत आहे. जेवणाच्या एक तास आधी कॉफी दिली तर काहीच परिणाम दिसला नव्हता, तीच एक तासानंतर दिली तर जेवणासोबत दिल्याइतकीच अडचण झाली होती, कारण जेवण तेव्हा अजून पोटातच होतं आणि हळूहळू आतड्यात उतरत होतं. चहाच्या दुसऱ्या एका चाचणीत एक तासाच्या गॅपने बराच फायदा झाला पण पूर्ण नाही. म्हणून माझं मत असं की जेवणाआधीचा चहा तासभर आधी चालेल, जेवणानंतरचा मात्र दीड-दोन तासांनीच घ्या. साडेसातला नाश्ता करणार असाल तर सहा-साडेसहाला चहा, आणि ऑफिसातला कप साडेनऊनंतर.

सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे चहा-पोळी. रात्रीची शिळी पोळी चहात बुडवून खाणं हा कित्येक घरांतला रोजचा नाश्ता आहे, आणि लोहाच्या हिशोबाने ती पोळी जवळजवळ वाया जाते. ज्यांना ती सोडवत नाही त्यांना मी सोडायला सांगत नाही, ती खा, फक्त ‘गव्हातून लोह मिळालं’ असं त्या खाण्याच्या नावावर लिहू नका आणि दुपारच्या जेवणाला जपा. दिवसातलं एक जेवण तरी चहापासून पूर्ण मोकळं ठेवलं तरी खूप झालं.

स्टेप २: लिंबू पिळा, पण किती ते समजून घ्या

लिंबाबद्दल आपल्याकडे जरा जास्तच विश्वास आहे. हॉटेलात पोह्यांवर जी फोड येते ती पाव लिंबाची, त्यातून चमचाभर रस निघतो. एका मध्यम कागदी लिंबाचा रस साधारण २० ते २५ मिली, त्यात व्हिटॅमिन सी आठ-दहा मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे फोडीतून आले दोन-अडीच मिलिग्रॅम.

लागतं किती? अंदाजाचा हिशोब असा की जेवणात जितके मिलिग्रॅम लोह आहे त्याच्या सहा-सात पट व्हिटॅमिन सी असेल तर शोषण चांगलं वाढतं. वर सांगितलेल्या बंगळूरच्या अभ्यासात साधारण या प्रमाणात व्हिटॅमिन सी दिलं तेव्हा शोषण कित्येक पटींनी वाढलं होतं. एका डिश पोह्यात, म्हणजे ६० ग्रॅम सुके पोहे आणि मूठभर शेंगदाणे धरले तर, लोह तीन मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे हवं साधारण २० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी. पाव लिंबाच्या फोडीने ते होत नाही, अख्ख्या लिंबाने अर्धवट होतं, दोन लिंबं पिळली तर होतं पण मग पोहे कोण खाणार. लिंबातलं सायट्रिक आम्लही लोह विरघळलेलं ठेवायला थोडी मदत करतं त्यामुळे लिंबू अगदीच वाया नाही, पण एकट्या लिंबाच्या भरवशावर राहू नका.

त्यापेक्षा पेरू. अर्ध्या पेरूत, म्हणजे ५० ग्रॅममध्ये, व्हिटॅमिन सी शंभर मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे दहा लिंबांचं काम. हैदराबादच्या एनआयएनमध्ये पोरांना भाताच्या जेवणासोबत शंभर ग्रॅम पेरू देऊन मोजलं (२०१३ साली प्रसिद्ध झालं), लोहाचं शोषण दुपटीहून जास्त वाढलं. आवळ्याचं तर विचारूच नका. संत्रं एक असेल तर पुरे. फळ नसेल त्या दिवशी कच्चा टोमॅटो मोठा एक चिरून घ्या, किंवा कच्च्या कोबीची कोशिंबीर शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू घालून, दही न घालता. दही का नको ते पुढे येतंच.

आणि दोन चुका ज्या जवळपास प्रत्येक घरात होतात. एक, लिंबू कढईत गॅस चालू असताना पिळणं. व्हिटॅमिन सी उष्णतेने आणि हवेने कमी होत जातं, म्हणून गॅस बंद करून, ताटात वाढल्यावर, खायच्या तोंडावर पिळा. सकाळी डब्यात भरताना पिळलेल्या लिंबाचा दुपारी एक वाजता आंबटपणा उरतो, व्हिटॅमिन सी मात्र कमी झालेलं असतं, त्यापेक्षा डब्यात फोड वेगळी द्या. दोन, आंबट म्हणजे व्हिटॅमिन सी असा समज. चिंचेत ते अगदी थोडं असतं, आमचूर तर वाळवलेलाच, त्यामुळे आमटीत चिंच आहे म्हणून लिंबू-पेरूचं काम झालं असं होत नाही.

लेमन टीचं काय, असं कोणीतरी विचारणारच. त्यात लिंबाचे चार थेंब आणि चहा पूर्ण कप, तेव्हा कोण जिंकणार ते तुम्हीच बघा. जेवणावर नकोच.

स्टेप ३: दूध, दही, पनीर हलवा, बंद करू नका

कॅल्शियमचा मामला चहापेक्षा गुंतागुंतीचा आहे आणि इथे लोक दोन्ही टोकांना जातात. एकाच जेवणात मोजलं तर १६५ मिलिग्रॅम कॅल्शियमने लोहाचं शोषण निम्म्याच्या आसपास कमी होतं असं दिसलंय, ४० मिलिग्रॅमपर्यंत मात्र काही फरक दिसत नाही. २०० मिलीच्या ग्लासभर दुधात कॅल्शियम साधारण २४०, वाटीभर दह्यात सव्वाशे-दीडशे, आणि चार वाट्या पाणी घालून केलेल्या पातळ ताकाच्या ग्लासात त्याहून बरंच कमी. चहा फक्त वनस्पतींमधल्या लोहाला अडवतो, कॅल्शियम मांसातल्या लोहालाही अडवतं, आणि त्यावर व्हिटॅमिन सीचा उपाय तितकासा चालत नाही.

पण हे एका जेवणाचं झालं. महिनोन्‌महिने कॅल्शियम घेणाऱ्या लोकांचं लोह बघितलं तर फार मोठा फटका दिसत नाही, शरीर बहुतेक सावरून घेतं. त्यामुळे कढी-खिचडी खाल्ली म्हणून घाबरायचं काही कारण नाही, आणि कॅल्शियमही आपल्याकडे कमीच पडतं, मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. करायचं एवढंच की दिवसातलं जे जेवण तुम्ही लोहासाठी ठरवलंय त्यात दूध-दही-पनीर नको. दुधाचा ग्लास रात्री झोपताना, दही दुसऱ्या जेवणात. पातळ ताक असेल तर मी फार ताणणार नाही.

इथे एक आपली लाडकी गोष्ट आडवी येते, बाळंतिणीची अळिवाची खीर. अळिवात लोह चांगलं म्हणून देतात आणि ती शिजवतात दुधात, म्हणजे लोहाचं नाव घेऊन कॅल्शियमच जास्त पाजतो. खीर जरूर द्या, बाळंतिणीला दूधही हवंच असतं, पण लोहासाठी द्यायचं असेल तर नारळ-गुळातला अळिवाचा लाडू बरा, सोबत पेरू किंवा मोसंबी. नाचणीचंही तसंच, तिचं मोठेपण कॅल्शियममध्ये आहे, शंभर ग्रॅममागे साडेतीनशेच्या वर, त्यात सालातले पॉलिफेनॉल, त्यामुळे लोहासाठी बाजरी, मटकी, हरभरा जास्त कामाचे. लहान पोरांमध्ये तर दुधानेच पोट भरतं आणि वरण-भात-भाजी आत जातच नाही. दीड-दोन वर्षांचं पोर दिवसाला बाटल्यांवर बाटल्या दूध पीत असेल तर तेही लोह कमी पडण्याचं एक मोठं कारण असतं.

एक दिवस मांडून बघू

समजा एक पस्तिशीची बाई आहे, शाकाहारी, हिमोग्लोबिन १०.५, सकाळी घाईत. आधीचा दिवस असा: उठल्या उठल्या चहा, साडेसातला पोहे आणि परत चहा, दुपारी दोन पोळ्या, मटकीची उसळ, वाटीभर दही आणि जेवण झालं की लगेच ऑफिसच्या मशीनचा चहा, रात्री वरण-भात, पालेभाजी, दुधाचा ग्लास. खायला काही कमी नाही बघा, दिवसभरात १२-१५ मिलिग्रॅम लोह सहज पोटात गेलं असेल, फक्त प्रत्येक जेवणावर काहीतरी अडवणारं बसलंय.

आता फक्त हलवाहलवी. उठल्या उठल्या सव्वासहाला चहा, कारण तो सोडणार नाही हे मान्यच आहे. साडेसातला पोहे, ताटात लिंबू, सोबत अर्धा पेरू किंवा संत्रं. दहा वाजता दुसरा चहा. दुपारी एकला भाकरी किंवा पोळी, मोड आलेल्या मटकीची उसळ, वरून कच्चा कांदा-टोमॅटो-कोथिंबीर आणि लिंबू, दही नाही. मोड आणल्याने मटकीतलं फायटेट कमी होतं आणि थोडं व्हिटॅमिन सी तयारही होतं, आजीला हे माहीत नव्हतं पण ती करत होतीच. तिसरा चहा साडेतीनला. रात्रीच्या जेवणात दही चालेल, झोपताना दूध. चहाचे कप तितकेच राहिले, दूधही तितकंच, फक्त सकाळ आणि दुपार ही दोन जेवणं मोकळी झाली.

नुसत्या पोह्यांचा हिशोब कल्पनेसाठी करून बघा. तीन मिलिग्रॅम लोहातलं समजा ५ टक्के अंगी लागतं, म्हणजे ०.१५. चहासोबत ते ०.०८ च्या आसपास. पेरूसोबत दुप्पट धरलं तर ०.३. एका नाश्त्यात जवळपास चौपट फरक. पाळी येणाऱ्या बाईला दिवसाला शरीरात दीड ते दोन मिलिग्रॅम लोह जायला हवं असतं हे लक्षात घेतलं तर हे छोटे आकडे छोटे वाटत नाहीत. खरे आकडे माणसागणिक बदलतात, ज्याचं साठवलेलं लोह संपलंय त्याचं आतडं आपोआप जास्त ओढतं आणि ज्याचं भरलेलं आहे त्याचं कमी.

स्टेप ४: गोळ्या चालू असतील तर

गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी मिळते, आणि कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची दिवसातून दोनदा वेगळी. दोन्ही एकत्र घशाखाली घालणं ही सगळ्यात नेहमीची चूक, ‘एकदाच संपवून टाकू’ म्हणून. दोन्हीत निदान दोन तासांचं अंतर हवं. सोपं म्हणजे कॅल्शियम सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर आणि लोहाची गोळी रात्री झोपताना, पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर, पण मग झोपतानाचं दूध त्या वेळेतून हलवायचं. चहाबरोबर गोळी कधीच नाही. अॅसिडिटीच्या गोळ्या रोज चालू असतील तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा, पोटातलं आम्ल कमी झालं की लोह विरघळतच नाही नीट. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. रिकाम्या पोटी मळमळलं तर थोडं खाऊन घ्या, गोळी बंद करण्यापेक्षा ते बरं.

हे कुठवर चालतं आणि कुठे नाही

हिमोग्लोबिन ९-१० च्या खाली गेलं असेल तर पेरू-लिंबाने ते भरून निघणार नाही, गोळ्या लागतातच. मेक्सिकोत याची चांगली उदाहरणं आहेत. तिथे जेवणासोबत लिंबाचं सरबत दिलं तर शोषण मोजताना ते खूप वाढलेलं दिसलं, पण तेच सरबत बायकांना आठ महिने दिलं तर रक्तातल्या लोहात म्हणावा तसा फरक पडला नाही. एका जेवणातला फायदा आणि वर्षभराचा साठा यात अंतर असतं, आणि जेवणात मुळात लोहच थोडं असेल किंवा पाळीत जास्त जात असेल तर नुसती व्हिटॅमिन सीची जोड पुरत नाही.

दुसरं, हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी असं नाही. फेरिटिन तपासून घ्या, ते साठवलेलं लोह दाखवतं, मोठ्या माणसात १५ च्या खाली असेल तर साठा संपलाय. सर्दी-ताप किंवा कुठला संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वर जातं, म्हणून बरं वाटल्यावर तपासा. हिमोग्लोबिन कमी पण फेरिटिन व्यवस्थित असेल तर थॅलेसेमिया मायनर, बी-१२ ची कमतरता वगैरे कारणं शोधावी लागतात, आणि तिथे मनाने लोहाच्या गोळ्या खाणं चुकीचं. थॅलेसेमिया मेजरच्या पेशंटला तर रक्त चढवून चढवून लोह जास्त झालेलं असतं, त्यांना उलट डॉक्टर जेवणासोबत चहा घ्या असंही सांगतात. पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या बायकांमध्ये फेरिटिन कमी आलं तर ताटाकडे बघत बसू नका, पोटात कुठे रक्त जातंय का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.

बदल केल्यावर आठवड्यात काही जाणवणार नाही. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन परत करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. फेरिटिन थोडं जरी वर सरकलं असेल तर घड्याळ बरोबर लागलंय. हललंच नसेल तर आधी दुपारच्या जेवणानंतरचा तो मशीनचा चहा खरंच बंद झालाय का ते बघा, आणि झाला असेल तर मग डॉक्टरांकडे जाऊन पाळी, जंत आणि पोटाचे आजार याबद्दल बोला.